अपयशाचे निवेदन कसे लिहावे

आपल्या या वार्षिक अंकात मुलामुलींच्या यशाची नामावली दरवर्षी छापली जाते. ती वाचताना आनंद होतो. परंतु ज्या घरचे नाव त्या यादीत यावयाचे होते आणि आले नाही, त्या घराने ती बातमी आप्तेष्टांस कशी कळवावी, याविषयी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. माझे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे झालेले नाही. घाऊक धान्याच्या पेढीवर बसून पत्रे लिहिण्यात आणि वाचण्यात आयुष्य गेले, एवढीच माझी या विषयातील पात्रता. तथापि असे एक पत्र आमच्याच घरी, माझ्यासमोर, तीन वेळा लिहिले गेले. त्यातील दोन वेळा ते का फसले आणि तिसऱ्या वेळी का साधले, हे नातवाची अनुमती घेऊन येथे क्रमाने सांगतो.

प्रथम हकीकत. माझा नातू बारावीनंतर सी.ए. होण्याच्या उद्देशाने फाउंडेशन परीक्षेस बसला. या शिक्षणक्रमाचा हा पहिला दरवाजा. परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांचे चार पेपर असतात : हिशेबशास्त्र, व्यापारी कायदे, गणित-तर्क-संख्याशास्त्र यांचा एकत्र पेपर आणि अर्थशास्त्र. उत्तीर्ण होण्यास दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. प्रत्येक पेपरात निदान ४० गुण हवेत आणि चारही पेपर मिळून निदान २०० हवेत. एका पेपरातील जास्तीचे गुण दुसऱ्या पेपराची तूट भरून काढीत नाहीत. शिवाय एका पेपरात अडलेल्या विद्यार्थ्यास पुढच्या खेपेस चारही पेपर पुन्हा द्यावे लागतात.

नातवाने सप्टेंबर २०२४ मध्ये परीक्षा दिली आणि निकाल दिवाळीच्या अगदी तोंडावर लागला. हिशेबशास्त्रात ५८, कायद्यात ५२, अर्थशास्त्रात ६१ आणि गणिताच्या पेपरात ३५. बेरीज २०६, म्हणजे दुसरी अट पुरी होऊन सहा गुण वर; परंतु पहिली अट पाच गुणांनी हुकली. निकाल : अनुत्तीर्ण. भाऊबीजेस आमच्याकडे तीस-पस्तीस माणसे फराळास यावयाची होती आणि प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न कोणता असणार, हे घरात सर्वांस ठाऊक होते.

त्या रात्री घरात पहिला विचार निघाला तो बातमी दडविण्याचा. माझा मुलगा, म्हणजे नातवाचे वडील, म्हणाले, "अण्णा, तब्येत बरी नव्हती म्हणून शेवटचा पेपर दिला नाही, असे सांगू. जानेवारीत उत्तीर्ण झाला की कोण विचारतो?" त्यांच्या बोलण्यात मुलाविषयीची माया होती, हे मी जाणतो. परंतु मी त्यांस एवढेच विचारले की, ही तब्येत आता किती जणांस सांभाळावी लागेल? पुण्यास मामांच्या घरी राहून मुलाने पाच महिने शिकवणी केली. त्याची तब्येत उत्तम होती, हे मामा-मामींनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे त्यांनाही खोटे बोलावयास सांगणे आले. शिकवणीतील सोबती आमच्याच नात्यागोत्यातले. त्यांस निकाल ठाऊक होणारच. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, जानेवारीपर्यंत त्या मुलाने अभ्यास करावयाचा की प्रत्येक भेटीत आजारपणाची उजळणी करावयाची? माझा मुलगा काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग तोच लिहू दे."

नातवाने लगेच मोबाईलवर पहिला मजकूर लिहिला. तो असा होता :

"सर्वांना नमस्कार. आमचा निकाल लागला. या वेळी पेपर मुद्दाम अवघड काढले होते आणि तपासणीही फार कडक झाली. हजारो मुले नापास झाली आहेत. माझे एकूण गुण पुरेसे असूनही केवळ एका पेपरामुळे मला अडविले. असो. जानेवारीत नक्की पास होऊन दाखवीन."

मी तो वाचला आणि त्यास शेजारी बसवून एकेक वाक्य तपासले. गणिताच्या पेपरात उत्तर लिहावयाचे नसते, दिलेल्या पर्यायांतून खूण करावयाची असते आणि ती उत्तरपत्रिका यंत्राने तपासली जाते. तेथे "कडक तपासणी" या शब्दास अर्थ नाही आणि ही गोष्ट जाणणारे दोन-तीन सी.ए. आमच्या नातलगांतच आहेत. "अडविले" हा शब्दही खरा नाही, कारण ४० गुणांची अट परीक्षेस बसण्यापूर्वीच त्यास माहीत होती. "हजारो मुले नापास झाली" हे खरे असले तरी वाचणारा ती हजारो मुले ओळखत नाही; तो याला ओळखतो आणि याची हकीकत विचारतो आहे. राहिले शेवटचे वाक्य. "नक्की पास होऊन दाखवीन" हे वचन त्याच्या हातातले नव्हते. परीक्षेस बसणे आणि अभ्यास करणे त्याच्या हाती होते, निकाल नव्हता. आपण व्यापारी माल पोचविण्याची तारीख लिहून देतो, परंतु त्या दिवशीचा बाजारभाव लिहून देत नाही. तसेच हे आहे. जानेवारीत पुन्हा दोन गुण कमी पडले असते, तर याच वाक्याने त्याला दुप्पट लाजविले असते.

तो उठून गेला. मध्यरात्रीच्या सुमारास त्याने दुसरा मजकूर मला पाठविला :

"मी तुम्हा सर्वांची मान खाली घातली. आईबाबांचे पैसे आणि मामांचे कष्ट मी वाया घालविले. माझ्याकडून काहीही होणार नाही, हे आता सिद्ध झाले. शक्य झाल्यास मला क्षमा करा."

हा मजकूर वाचून मी अंथरुणावर पडून राहिलो नाही. उठून त्याच्या खोलीत गेलो आणि पहाटेपर्यंत तेथेच बसलो. याविषयी घरच्या वडील माणसांस स्पष्ट सांगितले पाहिजे. असे शब्द मुलाच्या लेखणीतून किंवा तोंडातून आले, तर पत्राचा विषय त्या क्षणी बाजूस ठेवावा. मूल जेवते का, झोपते का, मित्रांचे फोन घेते का, हे पाहावे. "मी नसलेलाच बरा" अशा अर्थाचे बोलणे निघाले तर त्यास एकटे सोडू नये, मरणाचा विचार मनात येतो का हे सरळ विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरळ विचारल्याने असा विचार नव्याने मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. केंद्र सरकारने २०२२ साली टेलि-मानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही तेथे बोलता येते. आमच्या नातवाने त्या रात्री माझ्याशी बोलून मन मोकळे केले आणि पहाटे झोपी गेला. दुसऱ्या दिवशी तो जेवला आणि आपणहून शिकवणीच्या शिक्षकांस फोन करतो म्हणाला, तेव्हाच मी पुन्हा पत्राचा विषय काढला.

दुसऱ्या मजकुराचा दोष काय होता? तो नम्र दिसतो, परंतु तोही खरा नव्हता. चारपैकी तीन पेपरांत पुरेसे गुण मिळविणाऱ्याने "काहीही होणार नाही" असे लिहिणे म्हणजे गोदामातील चार थप्प्यांपैकी एका थप्पीची पोती भिजली असता साराच माल बुडाल्याचे कळविण्यासारखे आहे. धान्यात घट आली तर आपण काय करतो? पोती वजन करून घट किती किलो ते लिहितो. कमी लिहीत नाही आणि जास्तही लिहीत नाही. शिवाय अशा पत्राने वाचणाऱ्यावर एक ओझे पडते. त्याने धीर देणारे उत्तर पाठविलेच पाहिजे, अशी त्याची अडचण होते आणि मग घाईघाईने "चिंता करू नकोस, सर्व ठीक होईल" अशी तीस उत्तरे येतात. त्यांतील एकही त्या मुलाच्या उपयोगी पडत नाही.

यानंतर आम्ही पत्र लिहिण्यापूर्वी दोन कामे उरकली. वाचकांनीही हा क्रम पाळावा असे मला वाटते.

पहिले काम, निकाल पक्का करून घेण्याचे. कोणी सुचविले की, फेरतपासणीचा अर्ज करावा आणि तोवर कोणास काही कळवू नये. नातवाने नियम वाचून दाखविला. या परीक्षेत गुणांची पडताळणी करून मिळते, परंतु त्यात बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासावयाचे राहिले आहे का, एवढेच पाहिले जाते. उत्तराचे मूल्य नव्याने ठरविले जात नाही. पाच गुणांची तूट त्यातून भरून येईल, असे मानण्यास कारण नव्हते. अर्ज करावयाचा असल्यास खुशाल करावा, परंतु त्याच्या आधाराने "निकाल अजून अनिश्चित आहे" असे लिहू नये.

दुसरे काम, ज्यांचा या परीक्षेत प्रत्यक्ष वाटा होता त्यांस आधी आणि तोंडी कळविण्याचे. मामांनी मुलास घरी ठेवून घेतले होते. ही बातमी त्यांना इतर तीस जणांबरोबर मोबाईलवर वाचावयास मिळाली असती, तर ते काही बोलले नसते, परंतु मनास लागले असते. म्हणून नातवाने त्यांना स्वतः फोन केला. मामा म्हणाले, "बाळा, किती कमी पडले?" त्याने "पाच" म्हणून सांगितले. "कशात?" "गणितात." "बरे. मामी विचारते, डबा व्यवस्थित होता ना?" तेव्हा निकाल लागल्यापासून प्रथमच तो हसला. त्यानंतर शिक्षकांशी बोलणे झाले. त्यातून अपयशाचे खरे कारण निघाले आणि ते कळल्यावाचून पत्र लिहिताच आले नसते. या पेपरास १०० प्रश्न आणि दोन तास असतात. नातवाने आवडीच्या गणिताच्या भागावरच सव्वा तास घालविला. शेवटी वीस-बावीस प्रश्न उरले, त्यांच्या खुणा त्याने न वाचताच केल्या. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. वाचून सोडविले असते तर येण्यासारखे प्रश्न त्यात होते. ते हातचे गेले आणि वर वजाबाकीही झाली.

पाडव्याच्या दिवशी सकाळी, नवी वही सुरू केल्यावर, नातवाने तिसरे पत्र लिहिले आणि तेच सर्वांस पाठविले. ते पूर्ण देतो :

"सर्व वडील मंडळींस सादर प्रणाम व जय जिनेंद्र.

सप्टेंबरमध्ये दिलेल्या सी.ए. फाउंडेशन परीक्षेत मी अनुत्तीर्ण झालो आहे. तीन पेपरांत मला ५८, ५२ व ६१ गुण मिळाले. गणित व संख्याशास्त्राच्या पेपरात ३५ मिळाले. तेथे ४० आवश्यक होते.

त्या पेपरात मला वेळेची वाटणी साधली नाही. पहिल्या भागावर अधिक वेळ गेला आणि शेवटचे सुमारे वीस प्रश्न मी न वाचता सोडविले.

जानेवारीत मी चारही पेपर पुन्हा देणार आहे. अर्ज याच महिन्यात भरीन. तोवर रोज पहाटे दोन तास या पेपराचा अभ्यास आणि दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर, असे ठरविले आहे. बी.कॉम.चा अभ्यासही सुरू राहील.

मामा-मामींनी पाच महिने मला आपल्या मुलाप्रमाणे ठेवून घेतले. त्यांचा मी ऋणी आहे.

भाऊबीजेस सर्वांची भेट होईलच. त्या दिवशी निकालाविषयी पुन्हा बोलणे न निघाल्यास मला बरे वाटेल. संख्याशास्त्र समजावून देणारे कोणी ओळखीचे असल्यास मात्र अवश्य कळवावे."

या पत्राची रचना पाहावी. पहिल्याच वाक्यात बातमी आहे. प्रस्तावना लांबविली की वाचणारा घाबरतो आणि लिहिणाऱ्याचा धीर सुटतो. "अनुत्तीर्ण" हा शब्द सरळ लिहिला आहे. "अपेक्षित यश आले नाही" असा आडपडदा नाही. लगेच गुण दिले आहेत. प्रत्येकाने गुण लिहिलेच पाहिजेत असे नाही, परंतु येथे त्यांनी मोठे काम केले. गुण लिहिल्यामुळे नुकसान केवढे आणि शाबूत काय, हे मुलाने स्वतःची स्तुती न करता सांगितले गेले. एकूण बेरीज त्याने मुद्दाम लिहिली नाही. ती लिहिली असती तर "पुरेसे गुण असूनही" हा पहिल्या मजकुरातील तक्रारीचा सूर पुन्हा आला असता.

कारण दोनच वाक्यांत आहे आणि ते त्याच्या स्वतःच्या कृतीचे आहे. "मी आळशी आहे" असे त्यात नाही. "मी वेळ असा वाटला" असे आहे. स्वभावास दोष दिला तर तो सुधारण्याचा उपाय पत्रात लिहिता येत नाही. कृतीस दोष दिला तर उपाय आपोआप पुढे येतो. म्हणूनच त्याच्या पुढच्या परिच्छेदातील "घड्याळ लावून पूर्ण पेपर" हे शब्द नुसता उत्साह वाटत नाहीत, ते त्या कारणाचेच उत्तर आहेत. कारण आणि उपाय यांचा असा मेळ बसत नसेल, तर लिहिणाऱ्याने खरे कारण अजून शोधलेले नाही, असे समजावे.

आशा कोठे आहे, असे कोणी विचारील. ती त्या परिच्छेदातच आहे. जानेवारी, याच महिन्यातला अर्ज, पहाटेचे दोन तास, रविवार. यांतील प्रत्येक गोष्ट त्याच्या हातातली आहे. "उत्तीर्ण होईन" हा शब्द पत्रात कोठेच नाही. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीन वेळा होऊ लागल्यामुळे पुढची तारीख दहा आठवड्यांवर होती आणि म्हणून ती लगेच लिहिता आली. ज्या परीक्षा वर्षातून एकदाच होतात, तेथे मुलास इतक्या लवकर निर्णय करता येणार नाही. तेव्हा खोटा निश्चय लिहू नये. "पुढे काय करावयाचे ते महिन्याअखेर ठरवून कळवीन" असे लिहावे आणि ते पाळावे. परीक्षेची वाटच सोडून द्यावयाची असेल, तर तेही याच शांतपणे लिहिता येते.

शेवटचा परिच्छेद मला सर्वांत उपयोगी वाटतो. वाचणाऱ्यास आपण काय करावे हे कळत नाही, म्हणून तो नको ते बोलतो. या पत्राने त्यास दोन गोष्टी सांगितल्या : काय बोलू नये आणि काय करता येईल. भाऊबीजेस आमच्या बैठकीत निकालाचा विषय एकदाही निघाला नाही. त्याच्या आत्याने फक्त ताटात एक करंजी जास्त वाढली. तीन दिवसांनी एका नातलगाने संख्याशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता दिला. त्यांच्याकडे तो आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. आणि एका चुलत नातीने, जिने आपला निकाल वर्षभर लपविला होता, त्याला एकट्याला लिहिले की, मीही त्याच परीक्षेत अडले आहे. पुढे ती दोघे रविवारचा पेपर एकाच वेळी, एक बेळगावात आणि एक सांगलीत, घड्याळ लावून सोडवीत असत.

वडील मंडळींसाठी दोन सूचना उरतात. हे पत्र मुलाचे आहे. त्याच्या अनुमतीवाचून आईबापांनी किंवा आजोबांनी ते परस्पर पाठवू नये. मूल लिहिण्यास तयार नसेल तर "निकाल मनासारखा नाही, तो स्वतः सवडीने सांगेल" एवढेच वडिलांनी कळवावे. आणि असे पत्र आपल्यास आले तर उत्तर लहान असावे. आपल्या ओळखीच्या कोणाचा मुलगा पहिल्या खेपेस उत्तीर्ण झाला, हे त्या उत्तरात लिहू नये. मामांनी दिलेले लेखी उत्तर आम्ही जपून ठेवले आहे : "पत्र पोचले. खोली रिकामी आहे. वाटेल तेव्हा ये."

जानेवारी २०२५ च्या परीक्षेत नातवास गणिताच्या पेपरात ४६ गुण मिळाले आणि तो उत्तीर्ण झाला. ती बातमीही त्याने स्वतःच कळविली. चुलत नातीस मात्र याही वेळी तीन गुण कमी पडले. त्या दिवशी संध्याकाळी तिचा मला फोन आला. ती म्हणाली, "आजोबा, दादाचे ते पत्र मला पाठवता का? मला माझे लिहावयाचे आहे." मी ते पाठविले. या वेळी तिने वर्षभर वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचे पत्र सर्वांस मिळाले.